तीन नऊंचा हिशेब

‘99.9 टक्के अपटाइम’ हे वाचायला जवळजवळ शंभरच वाटतं. पण महिन्याचे 30 दिवस धरले, तर 43,200 मिनिटं होतात आणि त्यातला 0.1 टक्का म्हणजे 43.2 मिनिटं. तेवढा वेळ सेवा बंद राहिली तरी करार पाळला गेला, असंच धरतात. 99.99 ला हीच सूट 4.32 मिनिटांवर येते. म्हणजे कुणी लॅपटॉप उघडेपर्यंत संपलीसुद्धा!

मी एका छोट्या कंपनीत नाटकांच्या तिकीट बुकिंगचं अॅप सांभाळते. एका नाट्यगृहाच्या करारात, म्हणजे एसएलएमध्ये, 99.9 लिहायचं होतं. आमचे सर म्हणाले, “अगं, आपल्याला सेवा देणारे सगळेच 99.9 देतात. मग आपण द्यायला काय हरकत आहे?”

हरकत गुणाकाराची होती. एक तिकीट निघायला सर्व्हर, डेटाबेस, ओटीपी, पेमेंट आणि तिकिटाचा एसएमएस, अशा पाच सेवा एकाच वेळी चालू लागतात. एक अडली की प्रेक्षकाच्या लेखी अख्खं अॅप बंद. प्रत्येक सेवा स्वतंत्रपणे बंद पडते असं धरलं, तर 0.999 ला पाच वेळा गुणायचं. उत्तर येतं साधारण 0.995. म्हणजे महिन्याला 43 नाही, तर सुमारे 216 मिनिटं. साडेतीन तासांहून जास्त, आणि त्यात आमच्या स्वतःच्या चुका अजून धरलेल्याच नाहीत.

मग आम्ही साखळीच आखूड केली. एसएमएस लगेच गेलाच पाहिजे असं नाही. तिकीट अॅपमध्ये दिसतं, त्यामुळे मेसेज रांगेत टाकला आणि सेवा चालू झाली की तो जातो. ओटीपीसाठी दुसरा पुरवठादार घेतला. दोन्ही एकदम बंद पडण्याची शक्यता हजारात एकाची हजारात एक, म्हणजे दहा लाखांत एक. मात्र दोघांचे मेसेज शेवटी एकाच मोबाइल कंपनीच्या नेटवर्कवरून जात असतील, तर हा हिशेब खोटा ठरतो. ते आधी विचारून घेतलं.

उरल्या तीन सेवा, म्हणजे सुमारे 130 मिनिटं. करारात आम्ही 99.5 लिहिलं, म्हणजे 216 मिनिटांची सूट. मधली 86 मिनिटं आमच्या अपडेटसाठी आणि आमच्या गोंधळासाठी.

एक गोष्ट सरांना शेवटपर्यंत टोचत राहिली. पुरवठादाराने 43 मिनिटांची मर्यादा ओलांडली, तर भरपाई म्हणून साधारणपणे त्याच्या बिलातला काही भाग माघारी मिळतो. शनिवारी संध्याकाळी न विकलेल्या तिकिटांचे पैसे तो देत नाही. 99.9 हा आकडा सेवा किती चालेल ते सांगत नाही. कितीपर्यंत बंद पडली तर तक्रार करता येणार नाही, एवढंच सांगतो.