पाच नंबर बंद

हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये हंगामात फिटरच्या फोनवर निरोप आदळतो : ‘भाऊ, ५ नंबर बंद. रोलर गेला. वास येऊन रायला, लवकर या.’

निरोप २:२५चा. सुपरवायझर दुरुस्तीच्या अर्जात तीच वेळ लिहून टाकत नाही, ऑपरेटरला विचारतो. जिन थांबली २:१० वाजता. निरोपाआधीची पंधरा मिनिटं तो स्वतःच खटपट करत होता.

‘रोलर गेला’ हा अंदाज. दिसलं काय, ते वेगळं. म्हणून अर्जात उतरतं : ‘डबल रोलर जिन क्र. ५. डावा रोलर गरम, जळका वास, रुई तुटक. २:१० वाजता बंद. कारण तपासायचे : सुरीचा दाब जास्त?’ नुसतं ‘रोलर गेला’ लिहिलं असतं, तर फिटर नवा रोलर चढवून मोकळा झाला असता आणि जादा दाबानं तोही तापला असता.

जिन ३:४०ला सुरू झाली. तासाला ५० किलो रुई धरली, तर नव्वद मिनिटांत ७५ किलो बुडाली, म्हणजे १७० किलोच्या गाठीचा निम्म्याहून कमी भाग. मात्र तेव्हा कापूसच संपला असता, तर हा आकडा लिहिणं खोटं ठरलं असतं.