अजिंक्यताऱ्याचा दरवाजा : एका छायाचित्राचे वाचन

छायाचित्र साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्याचे आहे. वायव्येकडील मुख्य दरवाजा, त्याच्या दोन्ही अंगांना बुरूज, मध्ये उंच टोकदार कमान आणि कमानीच्या सावलीत लाकडी दारे. ज्या प्रवाशाने ते टिपले तो सांगलीचा. किल्ला शिलाहार राजा दुसऱ्या भोजाने 1190 च्या सुमारास बांधला, असे त्याने सर्वत्र वाचले होते. त्यामुळे त्याचा प्रश्न सरळ होता : म्हणजे हा दरवाजा आठशे वर्षांचा का?

साताऱ्यातील एका जुन्या दुर्गाभ्यासकापुढे त्याने हा प्रश्न ठेवला, तेव्हा उत्तराऐवजी उलट प्रश्न आला. ‘‘तुम्ही सांगलीकर. खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर पाहिलेच असेल. तिथे एक तरी कमान आठवते?’’

प्रवाशाला आठवेना, कारण तिथे कमान नाहीच. कोपेश्वराचे मंदिर बाराव्या शतकातले, शिलाहारांच्याच राजवटीत उभे राहिलेले. त्याच्या स्वर्गमंडपाला मध्यभागी आकाशाकडे उघडणारे भव्य वर्तुळ आहे, पण तेही खांबांवर टेकवलेल्या आडव्या दगडांनी साधले आहे. त्या काळचा कारागीर पोकळी झाकायची झाली की दोन खांब उभारी आणि त्यांवर अखंड दगडाची तुळई ठेवी. पोकळी अधिक रुंद असेल तर दगडाचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा पुढे काढत नेई, दोन्ही बाजू वर जवळ येत आणि शेवटी एका दगडाने मिटत. कौशल्यात तो कोणाहून उणा नव्हता, पण दगडाला आडवे ठेवणे ही त्याची रीत होती.

कमानीची रीत वेगळी. तिचे दगड पाचरीसारखे घडवलेले, वर रुंद आणि खाली निमुळते. ते एकमेकांना दाबून धरतात आणि वरचा भार दोन्ही बाजूंच्या भिंतींकडे ढकलतात. ती पुरी होईपर्यंत खाली लाकडी आधार द्यावा लागतो. माथ्याचा दगड बसल्यावरच तो काढता येतो. तुळईची लांबी मिळेल त्या दगडाने ठरते, कमानीला तो अडसर नाही. हत्तीवरील अंबारी जाईल एवढा उंच, रुंद दरवाजा लहान दगडांतूनही उभा राहू शकतो. ही रीत दख्खनेत रूढ झाली ती चौदाव्या शतकापासून, दिल्लीच्या व पुढे बहमनी सुलतानांच्या बांधकामांतून.

कमान खरी की केवळ आकाराने कमानीसारखी, हे ओळखण्यासाठी छायाचित्र मोठे करून दगडांचे सांधे पाहावेत. सांधे आडवे, एकमेकांना समांतर असतील, तर दगड पुढे काढत आणले आहेत. ते पंख्याच्या काड्यांसारखे पसरत गेले असतील, तर कमान खरी. गिलावा फासलेला असला तर मात्र ही परीक्षा चालत नाही; मग गिलावा निखळला आहे अशी जागा शोधावी.

तेव्हा भोजाचा किल्ला आणि छायाचित्रातला दरवाजा या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात. डोंगर तोच, जागाही कदाचित तीच. पण कमान पुढच्या काळातली. किल्ला एका राजाने बांधला असे आपण सहज म्हणतो, प्रत्यक्षात तो प्रत्येक राजवटीने थोडाथोडा बांधलेला असतो.

‘‘मग दरवाजा आदिलशाही म्हणायचा?’’ प्रवाशाने लगेच निष्कर्ष काढला. हा निष्कर्ष पुष्कळजण काढतात आणि तो घाईचा आहे. कमान एकदा दख्खनेत रुजल्यावर ती कोणा एका दरबाराची राहिली नाही. रायगडाच्या महादरवाज्यालाही कमान आहे, तिच्या दोन्ही अंगांना कमळे कोरलेली आहेत, आणि तो शिवकालीन आहे याविषयी कोणी शंका घेत नाही. म्हणजे कमान सांगते ते ‘याच्या आधीचे नव्हे’ एवढेच. त्यापुढचे सांगायला शिलालेख लागतो, जसा जवळच्या सज्जनगडाच्या दरवाज्यात फारसीत आहे, किंवा कागद लागतो.

कमानीनंतर बुरूज. दरवाजा दोन बुरुजांच्या बगलेत मागे सरकवलेला असतो तो शोभेसाठी नव्हे. दाराशी येऊन भिडणाऱ्याच्या पाठीवर आणि दोन्ही कुशींवर वरून मारा व्हावा, अशी ती योजना. तटात ठेवलेल्या अरुंद तिरप्या छिद्रांना जंग्या म्हणतात. त्या आतून रुंद, बाहेरून चिंचोळ्या असतात, म्हणून आतल्या बंदूकधाऱ्याला दिशा बदलता येते आणि बाहेरच्याला नेम धरता येत नाही. सांगली-मिरजेच्या भुईकोटांना शत्रू दूर ठेवण्यासाठी खंदक खणावा लागला. डोंगरी किल्ल्यात ते काम चढ आणि वळणे करतात.

दारांवरचे लोखंडी सुळे पाहून प्रत्येकजण हत्तीची धडक सांगतो. ते खोटे नाही. पण अशा चढावर हत्तीला धावायला सरळ वाट मिळत नाही, आणि तरीही सुळे असतात. त्यांचे दुसरे, नित्याचे काम म्हणजे जाड फळ्या आणि त्यांवरच्या लोखंडी पट्ट्या एकत्र आवळून धरणे. मोठ्या दारात एक लहान दिंडी असते. तिच्यातून एका वेळी एकच माणूस, तोही मान लववून, आत येतो. आत शिरल्यावर दोन्ही भिंतींत चौकोनी भोके शोधावीत. एक उथळ असते, समोरचे मात्र हातभर काठी घातली तरी संपत नाही. दार उघडे असताना अडसराचा वासा त्या खोल भोकात संपूर्ण सरकवलेला असे. बंद करताना तो ओढून समोरच्या खोबणीत टेकवीत. त्याच्याच बाजूला पहारेकऱ्यांच्या देवड्या.

या सगळ्या तयारीचा कस कधी लागला का? डिसेंबर 1699 मध्ये औरंगजेब स्वतः साताऱ्याला वेढा घालून बसला. किल्ल्याचा हवालदार प्रयागजी प्रभू. मोगलांनी मुख्य भर दरवाज्यावर दिलाच नाही. तरबियतखानाने ईशान्येचा कोपरा निवडला. ग्रँट डफच्या मते ती सर्वांत बळकट जागांपैकी एक होती : 42 फूट कातळ आणि त्यावर 25 फूट बांधकाम. तिथे महिनोनमहिने सुरुंग खोदले गेले आणि एप्रिल 1700 मध्ये दोन स्फोट झाले. पहिल्यात तट ढासळून आतली माणसे दबली; खुद्द प्रयागजी ढिगाऱ्याखालून जिवंत निघाला. दुसऱ्यात तट बाहेरच्या अंगाला कोसळला आणि हल्ल्यासाठी सज्ज उभे असलेले मोगल सैनिकच मोठ्या संख्येने गाडले गेले. त्यानंतरही किल्ला शस्त्राने पडला नाही. त्याच महिन्यात वाटाघाट होऊन तो स्वाधीन झाला.

पुढे शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून परतले तेव्हा किल्ला परशुरामपंत प्रतिनिधींच्या ताब्यात होता आणि ते तो सोडायला तयार नव्हते. असे सांगतात की, किल्ल्यावरील शेख मिरा नावाच्या अधिकाऱ्याचे कुटुंब वाईला होते. ते शाहूंनी ताब्यात घेतले आणि त्याला निरोप धाडला. शेख मिराने पंतांना कैद केले व किल्ला शाहूंच्या हवाली केला. जानेवारी 1708 मध्ये साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला. बुरूज, जंग्या, सुळे सारे जागच्या जागी होते. फक्त अडसर आतून ओढला गेला होता.