मोठा आवाज

सुरतेत लिंबायत, उधना, पांडेसरा भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी घरं आहेत. ताप्तीकाठच्या रेल्वेनं जळगाव-धुळ्याकडून माणसं आली आणि लूमच्या खात्यांत कामाला लागली. अशाच एका घरातला मुलगा आणि मी दुसऱ्यांदा भेटत होतो. पहिली भेट घरच्यांसमोर झाली होती, ही डुमसला, आम्ही दोघंच. टोमॅटोची भजी समोर होती. बोलता बोलता मी सहज म्हटलं, "तुमचा आवाज किती खणखणीत आहे!"

ते हसले, आणि पुढच्याच क्षणी डोळे भरून आले. भज्याचा तुकडा बोटांतच राहिला. म्हणाले, "आमच्याकडे सगळेच मोठ्यानं बोलतात. बाबांना ऐकू येत नाही."

बाबा लूमवर काम करायचे. खात्यात शेकडो माग एकाच वेळी चालतात. शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. बारा तासांची पाळी, वर्षानुवर्षं तोच खडखडाट. आतल्या कानातल्या नाजूक पेशी मरत जातात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी बारीक, उंच स्वर हरवतात. नातवंडाचं बोलणं त्यातच येतं.

समोरच्याचं रडू पाहून आपल्याला पहिली घाई होते ती ते थांबवण्याची. "अहो, रडू नका" हे शब्द माझ्याही ओठांवर आले होते. पण त्यांतून ऐकणाऱ्याला कळतं एवढंच, की बोलणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतंय. मी पाण्याची बाटली पुढे केली. घशात आवंढा येतो त्याला कारण आहे: रडताना शरीराला जास्त हवा हवी असते, म्हणून स्वरयंत्राचं दार उघडं राहू पाहतं; गिळताना ते मिटावं लागतं, आणि तिथे ओढाताण होते. घोट घोट पाणी प्यायलं की ती सैल पडते. मग मी खुर्ची थोडी वळवून समुद्राकडे तोंड केलं. भरल्या डोळ्यांनी कुणाच्या नजरेला नजर देणं फार कठीण असतं. हात धरला नाही. दुसऱ्या भेटीत तेवढा हक्क मला नव्हता. इतकंच विचारलं, "बसूया, की थोडं चालूया?"

ते म्हणाले, "चालूया."

काळ्या वाळूवरून चालताना बाबांबद्दल त्यांनीच सांगितलं, मी खोदून विचारलं नाही. त्या संध्याकाळी लग्नाचा विषयही काढला नाही. रडणाऱ्या माणसाविषयी माया दाटून येते, आणि तिलाच पसंती समजून होकार देणं दोघांवरही अन्याय ठरतं. दुसऱ्या दिवशी मात्र गप्प राहायचं नसतं. रडलेला माणूस रात्रभर, आपण हसं करून घेतलं का, याच विचारात असतो. मी सकाळीच निरोप पाठवला: "काल बरं वाटलं. बाबांना भेटायला आवडेल."

हे लिहिण्याआधी त्यांना विचारलं, कारण गोष्ट त्यांच्या घरची आहे. त्यांनी एकच भर घालायला सांगितली: बाबांची पाळी रात्रीची असायची.