वाढदिवसाची पोस्ट आणि कायमची जन्मतारीख

आपल्या बडोद्याच्या ग्रुपवर रोज सकाळी एखाद्या बाळाचा वाढदिवस असतो. फोटो गोड असतात, मीही हार्ट टाकते. पण नोकरीतली बत्तीस वर्षं बँकेत लोकांचे कागद तपासण्यात गेल्यामुळे फोटोआधी माझी नजर खालच्या ओळीवर जाते.

समजा ओळ अशी आहे: ‘आमची आरोही आज पाच वर्षांची झाली.’ तारीख पोस्टवरच असते, त्यातून पाच वजा केले की पूर्ण जन्मतारीख मिळाली. आपल्यात मधलं नाव वडिलांचं, म्हणजे बाबांनी पोस्ट टाकली की मुलीचं पूर्ण नाव तयार. खाली मामा लिहितो, ‘भाचीबाईंना अनेक आशीर्वाद!’ मामाचं आडनाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. ‘आईचं माहेरचं नाव काय?’ हा प्रश्न बँकेत ओळख पटवायला आम्ही कितीदा विचारला असेल! फोटोत गळ्यात शाळेचं ओळखपत्र असलं, तर दुपारी ती कुठे असते तेही कळलं. यातलं चोरून काहीच घेतलेलं नाही, बरं का. सगळं प्रेमानं दिलेलं.

आता हे कुठे लागतं ते बघा. डाउनलोड केलेल्या ई-आधारच्या फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची इंग्रजीतली पहिली चार कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष. आरोही २०१९ची असेल, तर `AROH2019`. ई-पॅनच्या फाइलला पूर्ण जन्मतारीख लागते. नुसत्या पासवर्डनं काही होत नाही, फाइलही हाती लागावी लागते, हे खरं. पण दाखल्याच्या वेळी ती फाइल आपण झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि ती त्याच्या कॉम्प्युटरवर तशीच पडून राहते.

मोठ्यांचा पासवर्ड फुटला तर बदलता येतो. जन्मतारीख आणि आईचं माहेर कसं बदलणार? आरोही अठराची होऊन स्वतःचं खातं उघडेल, तेव्हाही हीच माहिती विचारतील.

‘नंतर डिलीट करू की’ असं माझी सून म्हणते. ग्रुपमधून मेसेज काढला तरी ज्यांच्या गॅलरीत फोटो आधीच उतरला, तिथून तो जाईलच असं नाही. स्क्रीनशॉटचं तर विचारूच नका. त्यातून फोटोखाली नाव लिहिलेलं असलं की चेहरा कोणाचा हे कोणाला शोधावंही लागत नाही.

आमच्या घरी आता असं ठरलंय. फोटो टाकायचा तो आठ-दहा दिवसांनी. नाव नाही, वय नाही, ‘आमची चिऊ’ एवढंच. गणवेशातला फोटो फक्त दोन्ही आजी-आजोबांना, तोही वेगळा. मामाला सांगितलंय, आशीर्वाद फोनवर दे. तो जरा रुसलाय. दांडिया बाजारातून पेढे घेऊन गेले की निघेल त्याचा रुसवा.