'स्कूल' सुटली की सुटले?

प्रबंधिकेच्या तिसऱ्या प्रकरणातील एका वाक्यावर तांबडी रेघ होती. एका घरातील तीन पिढ्यांचे बोलणे विद्यार्थिनीने ध्वनिमुद्रित केले होते आणि त्यातील सात वर्षांच्या मुलाचे वाक्य तिने जसेच्या तसे उतरवले होते : 'माझी स्कूल सुटली.' मार्गदर्शकांनी 'माझी' आणि 'सुटली' खोडून वर 'माझे' व 'सुटले' असे लिहिले होते. समासात एकच शब्द होता : 'नपुंसकलिंग'.

ही दुरुस्ती निराधार नव्हती. 'हायस्कूल' हा शब्द मराठीत चांगलाच रुळलेला आहे आणि तो नपुंसकलिंगी चालतो. हायस्कूल नवे असते, ते बंद पडते तेव्हा 'बंद पडले' असेच म्हटले जाते. कॉलेज, ऑफिस, हॉटेल, स्टेशन हे त्याचे शेजारीही नपुंसकलिंगीच. (बँक आणि कंपनी या पंगतीत बसत नाहीत, ही गोष्ट मार्गदर्शकांनाही ठाऊक होती.) तेव्हा सुटे 'स्कूल' त्याच वाटेने जावे ही अपेक्षा रास्तच म्हणावी लागेल. प्रश्न एवढाच होता की वाक्य विद्यार्थिनीचे नव्हते, मुलाचे होते. निवेदकाच्या तोंडचे वाक्य दुरुस्त केले, तर ते प्रकरण त्या घराच्या मराठीविषयीचे न राहता मार्गदर्शकांच्या मराठीविषयीचे होते.

"सर, तो तसंच म्हणाला," एवढेच ती म्हणाली.

"म्हणाला असेल. पण चारच पानं पुढे तोच मुलगा 'आमचं स्कूल मोठं आहे' असं म्हणतो, ते तुम्ही पाहिलंत का? एकाच मुलाच्या तोंडी एकाच शब्दाला दोन लिंगं! याला नियम म्हणायचं की गोंधळ?"

आक्षेप बिनतोड वाटणारा होता. विद्यार्थिनी ध्वनिफिती पुन्हा ऐकायला बसली. ऐकताना तिच्या प्रथम ध्यानात आले ते हे, की मुलाने 'स्कूल' हा शब्द उच्चारलेली बहुतेक वाक्ये या प्रश्नाच्या दृष्टीने निरुपयोगी होती. इंग्रजीतून आलेल्या शब्दावर लिंगाची खूण नसते. ती दिसते विशेषणात आणि क्रियापदात, आणि तिथेही सर्वत्र नाही. 'उद्या स्कूल उघडेल' या भविष्यकाळी रूपात लिंग मुळीच कळत नाही. 'स्कूल आठला भरते' या वाक्यावरून शब्द पुल्लिंगी नाही इतकेच ठरते, कारण 'भरतो' झालेले नाही. स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग मात्र इथे एकाच रूपात मिसळतात. 'स्कूलमध्ये', 'स्कूलला' ही रूपे तर काहीच सांगत नाहीत. जुन्या शब्दांनी निदान सामान्यरूपात आपला वर्ग उघड केला आहे : बँक 'बँकेत' झाली, तिकीट 'तिकिटावर' झाले. 'स्कूल'च्या अंगी अजून तेवढे मराठीपण आलेले नाही. तिन्ही लिंगे वेगळी होतात ती भूतकाळात, किंवा 'माझा, माझी, माझे' यांसारख्या विकारी विशेषणांत. ही चाळणी लावल्यावर तासन्‌तासांच्या मुद्रणातून मुलाची अवघी नऊ वाक्ये हाती राहिली.

त्या नऊ वाक्यांत गोंधळ नव्हता. 'स्कूल सुटली', 'आज स्कूल लवकर भरली', 'मी स्कूल बुडवली नाही', 'माझी स्कूल असते तेव्हा' अशी पाच वाक्ये स्त्रीलिंगी होती. 'आमचं स्कूल मोठं आहे', 'त्यांनी स्कूल पिवळं रंगवलं', 'दादाचं स्कूल लांब आहे' अशी चार वाक्ये नपुंसकलिंगी होती. पहिल्या गटात भरणे, सुटणे, बुडवणे आहे. हे सारे 'शाळा' या शब्दाचे जुने सोबती. आजी दिवसभर 'शाळा सुटली का रे?' असे विचारते आणि मुलगा तिचेच वाक्य परत देतो. त्यातील नाम तेवढे बदललेले असते. नाम गेले तरी त्याने लावून दिलेली 'ई' जागच्या जागी आहे. दुसऱ्या गटात स्कूल म्हणजे रंगवलेली, दूर असलेली इमारत आहे, आणि तिथे मागे 'शाळा' उभी नसावी. तिथे हायस्कूल-कॉलेजांची संगत प्रभावी ठरते.

मार्गदर्शकांनी हे ऐकून घेतले आणि लगेच मान्य केले नाही. नऊ वाक्यांवर नियम उभारता येत नाही, हे त्यांचे म्हणणे योग्यच होते. त्यांनी दुसरी परीक्षा सुचवली. शब्दामागचा मराठी प्रतिशब्द लिंग ठरवतो असे जर म्हणायचे असेल, तर ते इतर शब्दांनाही लागू पडले पाहिजे. बस स्त्रीलिंगी, कारण मागे गाडी. मोटार, कार, जीप, टॅक्सी यांचेही तेच. मग ट्रक का आला? टँकर, डंपर, ट्रॅक्टर का आले? त्याही गाड्याच की.

विद्यार्थिनीने यावर दिलेले उत्तर विचारात घेण्याजोगे आहे. मराठीत गाडी आहे तसा गाडाही आहे. माणसे वाहणारी ती गाडी, ओझे ओढणारा तो गाडा, असा काहीसा भेद या नव्या वाहनांत उमटला असावा. रणगाड्याचे नाव घडवतानाही मराठीने गाडीकडे न जाता गाड्याकडेच धाव घेतली. बस ट्रकएवढीच अवजड असूनही ती 'आली' राहते ते तिच्यात माणसे बसतात म्हणून. शब्दाच्या अंगचा आकारही अर्थात काम करतो : लॉरी माल वाहते, पण 'ई'कारान्त असल्यामुळे स्त्रीलिंगी होते.

खरी अडचण क्रिकेटने आणली. सामना होतो, पण मॅच होते. संघ हरला, पण टीम हरली. बळी गेला, पण विकेट गेली. इथे प्रतिशब्द सरसकट पुल्लिंगी आणि आगंतुक शब्द सरसकट स्त्रीलिंगी आहेत. सिद्धान्त इथे मोडतो, किंवा निदान आखडता घ्यावा लागतो. एक शक्यता अशी, की सामना, संघ, बळी हे वृत्तपत्रांचे शब्द आहेत आणि मैदानावरच्या पोराच्या तोंडी ते मॅचच्या आधी नव्हतेच. जो शब्द बोलणाऱ्याच्या मनात नाही तो लिंग कोठून देणार? पण मग मॅचला स्त्रीलिंग कोणी दिले, हा प्रश्न उरतोच. विद्यार्थिनीने तो प्रकरणाच्या शेवटी तसाच मोकळा ठेवला, आणि ते बरे केले.

बसच्या अनेकवचनावर मात्र दोघांचे चटकन एकमत झाले. 'बँका'प्रमाणे 'बसा' करायला जावे तर ती पाहुण्याला केलेली विनंती होते. म्हणून भाषेने 'बसेस' हे इंग्रजी रूप ठेवले, पण त्याच्या भोवती 'दोन नव्या बसेस आल्या' असे पक्के स्त्रीलिंगी कुंपण घातले. अनेकवचन उसने चालते. लिंग उसने आणता येत नाही, कारण जिथून शब्द आला तिथे ते नव्हतेच.

प्रबंधिका परत करताना मार्गदर्शकांनी तिसरे प्रकरण पुन्हा उघडले. टेबलावर दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) होते. ते त्यांनी बाजूला सरकवले, तांबड्या रेघेखाली टिंबे दिली आणि समासातले 'नपुंसकलिंग' खोडले. मग कागदपत्रे आवरता आवरता त्यांनी विचारले, "विभागाकडून तुम्हाला ते मेल आलं का?"

"आली, सर," विद्यार्थिनी म्हणाली. "कालच आली."

त्यांनी चष्म्यावरून एकवार पाहिले आणि पेनाला टोपण लावले.