परिचयाची चार मिनिटं

अंधेरीच्या आमच्या महाविद्यालयात भूगर्भशास्त्राचे सर साठ वर्षं पूर्ण करून निवृत्त होत होते. त्यांच्या शेवटच्या व्याख्यानाआधी चार मिनिटांत त्यांचा परिचय करून द्यायचं काम आमच्याकडे आलं. आम्ही त्यांचे जुने विद्यार्थी आणि आता त्याच विभागातले सहकारी.

आम्ही पदव्या, शोधनिबंध, समित्या असं दोन पानं लिहिलं आणि रात्री जेवणानंतर अम्मीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बेटा, हा तर स्थळासाठी पाठवायचा बायोडाटा झाला. त्यांनी तुला काय शिकवलं, ते कुठे आहे यात?"

आम्ही दोन्ही पानं बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी सभागृहात आम्ही फक्त गिल्बर्ट हिलची गोष्ट सांगितली. अंधेरी पश्चिमेला इमारतींच्या गर्दीत उभा असलेला हा सुमारे दोनशे फुटी काळा कडा सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. लाव्हा थंड होताना आकसतो, त्याला भेगा पडतात आणि दगडाचे खांब तयार होतात. थंडावा ज्या पृष्ठभागाकडून आत शिरतो, त्याला हे खांब काटकोनात वाढतात. इथले खांब उभे आहेत, म्हणजे तो पृष्ठभाग आडवा होता.

दुसऱ्या वर्षाला असताना सरांनी आम्हाला तिथे नेलं होतं. पुस्तकात खांब षट्कोनी असतात असं होतं, म्हणून आम्ही वहीत बिनधास्त लिहिलं, "सर्व खांबांना सहा बाजू." वही परत आली तेव्हा समासात लाल शाईत एकच प्रश्न होता, "मागच्या बाजू कशा दिसल्या?"

आमची चोरी पकडली गेली होती. कड्यातल्या खांबाच्या समोर उभं राहिलं, तर दोन-तीन बाजूच दिसतात. सगळ्या मोजायच्या तर आडवा तुटलेला खांब शोधावा लागतो. त्या रविवारी आम्ही स्टेशनवरून चालत पुन्हा गेलो. तुटलेले तुकडे शोधले. काहींना सहा बाजू होत्या, काहींना पाच, एकाला सात. दगड सगळीकडे सारखा थंड होत नाही, म्हणून भेगाही सारख्या पडत नाहीत. सरांनी नवी वही पाहिली आणि फक्त तारीख घालून सही केली.

सभागृहात आम्ही शेवटी म्हणालो, "हजेरीपटावर आम्ही सरांचे सहकारी आहोत. पण आज विद्यार्थ्यांच्या वह्या तपासताना आम्हीही समासात तोच प्रश्न लिहितो." आवाज थोडा कापला, म्हणून तिथेच थांबलो. साडेतीन मिनिटं झाली होती.

सर उठले. माइक हातात घेऊन आमच्याकडे पाहत म्हणाले, "सात बाजूंचा तो तुकडा मला दाखवायचा राहिला आहे तुमचा."

आणि मग त्यांनी व्याख्यान सुरू केलं.