बैलगाड्याची बातमी, पाचवीच्या मुलांसाठी

शाळकरी मुलांसाठी आम्ही एक चार पानी वाचनपत्र काढतो. त्यातली दोन पानं बातम्यांची असतात आणि ती माझ्याकडे आहेत. वर्तमानपत्रात येऊन गेलेली एखादी बातमी घ्यायची आणि पाचवीतल्या मुलाला कुणाच्या मदतीशिवाय वाचता येईल अशी ती पुन्हा लिहायची, एवढंच काम. पत्र जुन्नर, आंबेगाव, खेड या भागातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये जातं. 2023 च्या जूनमध्ये शाळा उघडल्या, तेव्हा पहिल्या अंकात कोणती बातमी घ्यायची यावर चर्चा झालीच नाही. 18 मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींचा निकाल दिला होता, आणि या भागातलं पोर चालायला लागलं की घाटावर जातं.

वर्तमानपत्रांतल्या बातमीचं पहिलं वाक्य साधारण असं होतं: ‘तामिळनाडूतील जल्लीकट्टू, कर्नाटकातील कंबाला आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींना परवानगी देणाऱ्या संबंधित राज्यांच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातील दुरुस्त्यांची वैधता सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने गुरुवारी कायम ठेवत या दुरुस्त्यांना आव्हान देणाऱ्या याचिका फेटाळून लावल्या.’ तेहेतीस शब्द, आणि पूर्णविराम एकच. बातमीदाराला दोष देत नाही. त्याच्याकडे जागा कमी असते आणि त्याच्या वाचकाला मागची कथा ठाऊक असते. पाचवीच्या मुलाला ती ठाऊक नसते, आणि ‘देणाऱ्या… देणाऱ्या’ अशी विशेषणं एकात एक अडकली की कोण कुणाला काय देतंय हे त्याला कळेनासं होतं.

अशा वेळी हात आपोआप कात्रीकडे जातो. वाक्य चार ठिकाणी तोडायचं, अवघड शब्दाच्या जागी सोपा शब्द बसवायचा, झालं. मी आता कागदावर आधी दुसरंच काहीतरी लिहितो: या बातमीत कोणत्या गोष्टी हलता कामा नयेत. निकाल कुणी दिला. निकालाआधी शर्यतींची स्थिती काय होती आणि निकालानंतर काय झाली. हरलेल्या बाजूचं म्हणणं काय होतं. परवानगीला अटी आहेत का. हे लिहून काढताना कळतं की यातल्या दोन गोष्टी त्या तेहेतीस शब्दांत नव्हत्याच. त्या बातमीच्या सहाव्या-सातव्या परिच्छेदात होत्या. वर्तमानपत्राची बातमी शेपटाकडून कापता येते, कारण महत्त्वाचं वर असतं असा संकेत आहे. मुलांसाठी लिहिताना मात्र शेपटातलंच अनेकदा वर आणावं लागतं.

या बातमीसाठी पहिल्यांदा सुचणारं सोपं वाक्य म्हणजे ‘बैलगाडा शर्यतीवरची बंदी उठली.’ चार शब्द, जोडाक्षर एकच, मुलं आनंदाने वाचतील. आमच्याकडे आलेल्या पहिल्या खर्ड्यात हेच शीर्षक होतं. खर्डा मुलांपुढे ठेवून बघायची आमची पद्धत आहे, म्हणून तो एका शाळेत नेला. पाचवीतल्या एका मुलाने शीर्षक वाचलं आणि मान वर करून म्हणाला, “सर, पण आमच्या यात्रेत गाडे पळाले की! चैत्रातच.”

बरोबरच होतं त्याचं. शर्यती बंद झाल्या त्या 7 मे 2014 च्या निकालाने. प्राण्यांना क्रूरतेने वागवू नये असा केंद्राचा 1960 चा कायदा आहे, आणि या शर्यती त्याच्या विरुद्ध जातात असं सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा म्हटलं. मग 2017 मध्ये महाराष्ट्राने त्या कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. पण त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी द्यायला मनाई केली आणि गाडे उभेच राहिले. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतिम निकाल लागेपर्यंत शर्यती घ्यायला परवानगी दिली. म्हणजे 2023 च्या मे महिन्यात बंदी नव्हतीच. जे तात्पुरतं चाललं होतं ते पक्कं झालं, ही खरी बातमी. ‘बंदी उठली’ हे वाक्य सोपं होतं पण खोटं होतं, आणि ते त्या मुलाने पकडलं, कारण यात्रा त्याने डोळ्यांनी पाहिली होती. कोल्हापूरच्या पुराची किंवा चंद्रयानाची बातमी असती तर त्याने ते निमूट वाचून घेतलं असतं.

आता चार तारखा आल्या, आणि लहान वाचकाला तारखांचं ओझं होतं. काय ठेवायचं? मी 2014, 2021 आणि 2023 ठेवलं. 2017 चं साल गाळलं, पण कायदा झाला ही गोष्ट गाळली नाही, कारण तिच्यावाचून एक प्रश्न अधांतरी राहतो: ज्या न्यायालयाने 2014 मध्ये नको म्हटलं, त्याच न्यायालयाने 2023 मध्ये हो कसं म्हटलं? लहान मुलं हा प्रश्न विचारतातच, आणि उत्तर मजकुरात नसेल तर स्वतःच तयार करतात. ‘आधी चुकले होते, मग सुधारले,’ असं एका मुलीने मला सांगितलं होतं. न्यायालयाने तसं म्हटलेलं नाही. मधल्या काळात राज्यांनी कायदा बदलला, शर्यत घेण्याची रीत नियमांत बांधली, त्यामुळे प्राण्यांना होणारा त्रास बराच कमी होतो, म्हणून जुना निकाल या बदललेल्या शर्यतींना लागू होत नाही, असं पाच न्यायाधीशांचं म्हणणं. यातला ‘म्हणून’ फार मोलाचा आहे. वाक्यं लहान करताना सर्वात आधी बळी जातो तो ‘म्हणून’, ‘पण’, ‘तरी’ या शब्दांचा. मागे राहतात सुटी सुटी वाक्यं; प्रत्येक वाचता येतं, पण एकामुळे दुसरं कसं घडलं ते कळत नाही. मी हे शब्द जपतो. त्यांच्यासाठी वाक्य दोन-तीन शब्दांनी वाढलं तरी चालतं.

शब्दांच्या लांबीचंही तसंच. इंग्रजीत मजकुराची काठिण्यपातळी मोजायची सूत्रं आहेत. त्यातली बरीचशी वाक्यातले शब्द आणि शब्दांतले उच्चार मोजतात. मराठीला ती लावली तर ‘शर्यतीसाठीसुद्धा’ हा शब्द अवघड ठरेल आणि ‘वैध’ सोपा. प्रत्यक्षात पहिला शब्द मूल सहज वाचतं आणि दुसऱ्यापाशी अडतं. या ‘वैध’वर बराच वेळ गेला. खर्ड्यात त्याच्या जागी ‘योग्य’ होतं: ‘हा कायदा योग्य आहे, असे न्यायालयाने सांगितले.’ मुलांना त्यातून कळलं की शर्यत चांगली असते असं न्यायाधीश म्हणाले. शर्यत ही परंपरा आहे की नाही, हे ठरवणं विधिमंडळाचं काम आहे असं म्हणून न्यायालयाने तो मुद्दा आपल्या अंगावर घेतला नव्हता. शेवटी ‘कायदा राज्यघटनेच्या विरुद्ध नाही, तो चालू राहील’ असं लिहिलं. शब्द वाढले, अर्थ जागेवर राहिला.

सगळे अवघड शब्द काढायचे नसतात. जो शब्द मुलाला पुढच्या बातमीत पुन्हा भेटणार आहे, तो ठेवायचा आणि एकदाच समजावायचा. ‘सर्वोच्च न्यायालय’ आणि ‘जिल्हाधिकारी’ असे ठेवले. ‘घटनापीठ’ सोडून दिला, पण ‘पाच न्यायाधीश’ राहिले. आणि ‘फेटाळण्यात आल्या’, ‘सांगण्यात आले’ या सरकारी थाटाच्या क्रियापदांना आमच्या पानावर जागा नाही. त्यांत करणारा दडतो, आणि मुलाचा पहिला प्रश्न ‘कोणी?’ हाच असतो.

हरलेल्या बाजूचं काय? ज्या गावांत शर्यत जीव की प्राण आहे, तिथे हा भाग गाळला तर कुणी तक्रार करणार नव्हतं. उलट एक शिक्षक म्हणाले, “कशाला पोरांच्या डोक्यात घालता?” मी तो ठेवला. तो नसेल तर अटी कशासाठी आहेत हेच कळत नाही, आणि अटी हा निकालाचाच भाग आहे: नियम काटेकोर पाळले जातील याची जबाबदारी न्यायालयाने जिल्हाधिकाऱ्यांवर टाकली आहे.

छापलेला मजकूर असा होता:

‘18 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींबद्दल निकाल दिला. हे देशातले सर्वात वरचे न्यायालय आहे. शर्यतींसाठी महाराष्ट्राने केलेला कायदा राज्यघटनेच्या विरुद्ध नाही, तो चालू राहील, असे पाच न्यायाधीशांनी सांगितले. तामिळनाडू आणि कर्नाटकातल्या अशाच खेळांच्या कायद्यांनाही हा निकाल लागू आहे.

2014 मध्ये याच न्यायालयाने शर्यती बंद केल्या होत्या. शर्यतीत बैलांना मारतात, टोचतात, त्यांचे हाल होतात, असे प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे म्हणणे होते. न्यायालयाला ते पटले होते. नंतर महाराष्ट्राने नवा कायदा केला आणि शर्यतीला नियम घातले. तरी शर्यती लगेच सुरू झाल्या नाहीत. 2021 च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने शेवटचा निकाल लागेपर्यंत परवानगी दिली, म्हणून गेल्या वर्षीपासून यात्रेत पुन्हा गाडे पळू लागले.

नवा कायदा रद्द करा, अशी त्या संस्थांची मागणी होती. नव्या नियमांमुळे बैलांचा त्रास बराच कमी होतो, म्हणून न्यायालयाने ती मान्य केली नाही. पण शर्यत घ्यायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि बैलांचे हाल करता येत नाहीत.’

समजलं का ते बघण्यासाठी मुलाला मनात वाचू द्यायचं, कागद पालथा घालायचा आणि काय झालं ते त्याच्या शब्दांत सांगायला लावायचं. ‘कळलं का?’ असं विचारलं तर सगळे ‘हो’ म्हणतात, त्याला किंमत नाही. पण या बातमीत एक अडचण होती. इथल्या मुलांना घाट, बारी, इनामं सगळं पाठ. मजकूर न वाचताही ती फर्डं बोलतात. म्हणून प्रश्न असे काढले की ज्यांची उत्तरं घाटावर मिळत नाहीत: आणखी कोणत्या राज्यांना हा निकाल लागू आहे, 2021 च्या आणि 2023 च्या निर्णयात फरक काय, उद्या तुमच्या गावाला शर्यत भरवायची तर आधी काय करावं लागेल. दुसऱ्या प्रश्नावर निम्मी मुलं अडली. ‘शेवटचा निकाल लागेपर्यंत’ हे शब्द त्यांनी वाचले होते पण त्यांचं वजन त्यांना कळलं नव्हतं. पुढच्या खेपेला तिथे ‘ही परवानगी तेवढ्यापुरती होती’ असं आणखी एक छोटं वाक्य घातलं, तेव्हा उत्तरं जमायला लागली.

दुसरीच्या वर्गासाठीही हीच बातमी द्या, अशी मागणी आली. मी पाच ओळींत बसवून पाहिली. 2014 गाळलं तर निकाल कशाबद्दल ते कळेना, ठेवलं तर कायदा बदलल्याचं सांगावं लागे, आणि तेवढ्यात पाच ओळी संपत. दोन्ही गाळून जे उरलं ते पुन्हा ‘बंदी उठली’च्या वळणाला जाई. दुसरीच्या पानावर ती बातमी आम्ही घेतली नाही. तिथे त्या अंकात मोसमी पाऊस केरळातून महाराष्ट्रात कसा येतो ते छापलं.